साइनपोस्ट लावले तरी चॅप्टर सुटेच

नमस्कार ताई, थीसिस सबमिट करायला सात आठवडे राहिलेत. विषय: हॉस्पिटलमधल्या नर्सेस शिफ्ट बदलताना पेशंटची माहिती पुढच्या शिफ्टला देतात तो हँडओव्हर, आणि लेखी फॉर्म असूनही सगळं तोंडीच का सांगितलं जातं. आठ चॅप्टर, 290 पानं. सहा महिन्यांपूर्वी गाईड म्हणाले, चॅप्टर एकमेकांशी बोलत नाहीत. मग मी प्रत्येक चॅप्टरच्या सुरुवातीला, शेवटी आणि मधेमधे पण 'या प्रकरणात पाहू', 'पुढील प्रकरणात पाहू' असं घातलं. आता दुसऱ्या एका सरांनी वाचलं तर म्हणाले, पाट्या भरपूर झाल्या पण रस्ता दिसत नाही. मी वाचते तेव्हा मला तर सगळं जोडलेलंच वाटतं! कुठे तुटतंय हे स्वतःचं स्वतः तपासायचं कसं? चॅप्टर 4 आधी पेपर म्हणून छापून आलाय. प्रत्येक चॅप्टरची पहिली दोन आणि शेवटची दोन पानं जोडतेय.

---

तुला जोडलेलं वाटणारच गं. इतकी वर्षं त्या डेटात राहिलीस, चॅप्टर 5 संपून 6 सुरू होतो तिथे गाळलेली पायरी तुझं डोकं आपोआप भरून काढतं आणि वाचणाऱ्याकडे भरायला काहीच नसतं, एवढाच फरक आहे. म्हणून 'परत एकदा नीट वाच' असं मी सांगणार नाही, दहा वेळा वाचलंस तरी दहाही वेळा ते जोडलेलंच दिसेल. अशी काहीतरी तपासणी करायला हवी ज्यात तुझ्या डोक्याला मधे घुसायला जागाच राहणार नाही. तुझी पानं वाचल्यावर मी चॅप्टर 4, 6 आणि 7 पूर्ण मागवून घेतले होते ना, त्यामुळे खालचं सगळं तुझ्याच मजकुरावर आहे, हवेत नाही.

आधी पाट्यांचं बोलू, कारण सरांचं म्हणणं मला पटलं. तुझ्या चॅप्टर 6ची सुरुवात अशी आहे: 'मागील प्रकरणात मुलाखतींची चर्चा केली. या प्रकरणात हँडओव्हर फॉर्मचे विश्लेषण केले आहे. पुढील प्रकरणात निष्कर्षांची चर्चा केली जाईल.' तीन वाक्यं, आणि तिन्हीतून मला जे कळलं ते अनुक्रमणिकेतून आधीच कळलं होतं. मुलाखतींतून काय हाती लागलं, त्यातलं काय अर्धवट राहिलं, आणि ते अर्धवट राहिलेलं फॉर्म बघूनच का पुरं होणार, हे कुठेच नाही. चॅप्टरचा क्रम सांगणं म्हणजे साइनपोस्टिंग असा सगळ्यांचा समज असतो (माझाही होता), पण वाचणाऱ्याला क्रम नको असतो, त्याला 'आता हे का?' याचं उत्तर हवं असतं.

भाषाविज्ञानात यासाठी दोन वेगळे शब्दच आहेत, कोहिजन म्हणजे वाक्यं खुणांनी बांधलेली असणं, आणि कोहिरन्स म्हणजे ती अर्थाने एकमेकांना धरून असणं. हॅलिडे आणि हसन यांनी 1976मध्ये कोहिजनवर आख्खं पुस्तक लिहिलं, त्यात सगळा भर वाक्याला वाक्य बांधणाऱ्या खुणांवर आहे, म्हणजे सर्वनामं, 'म्हणून', 'परंतु', तोच शब्द परत येणं वगैरे. नंतरच्या लोकांनी दाखवून दिलं की या खुणा सगळ्या जागेवर असूनही मजकूर निरर्थक असू शकतो, आणि एकही खूण नसताना दोन वाक्यं एकमेकांना घट्ट धरून असू शकतात. तू गेले सहा महिने कोहिजन वाढवलंस आणि गाईडची तक्रार कोहिरन्सची होती. तुझी मेहनत चुकीच्या मजल्यावर झाली म्हणायची.

आता तपासणी. प्रत्येक चॅप्टरसाठी चार ओळी लिहायच्या. हा चॅप्टर उघडताना वाचणारा काय धरून चाललेला असतो, बंद करताना काय धरून चाललेला असतो, या चॅप्टरने आधीच्या कुठल्या चॅप्टरकडून काय उसनं घेतलं, आणि याचं पुढे कोण काय वापरतं. अट एकच, प्रत्येक ओळीसमोर पान नंबर हवा, आठवणीतून लिहायचं नाही. पान सापडलं नाही तर ओळ कोरी सोडायची, आणि कोरी ओळ हीच तुझी तुटलेली जागा. लिट रिव्ह्यू आणि मेथडच्या चॅप्टरला पण हे करायचं, तिथे पहिल्या दोन ओळी जरा विचित्र वाटतात पण तिसरी-चौथी फार कामाची ठरते, कारण लिट रिव्ह्यूमधल्या कितीतरी गोष्टी पुढे कोणीच वापरत नाही हे तिथेच उघडं पडतं.

तुझ्या चॅप्टर 6चं मी हे करून पाहिलं. आधी काय धरलं होतं: नर्सेस फॉर्मवर विश्वास ठेवत नाहीत. नंतर काय: फॉर्मात 14 रकाने आहेत, 118 भरलेले फॉर्म तपासले, अमुक रकाना इतक्या वेळा कोरा. म्हणजे माहिती वाढली पण मुद्दा होता तिथेच उभा आहे. उसनं काय घेतलं: कोरं. पुढे कोण वापरतं: चॅप्टर 7मध्ये एकदा, 'फॉर्म अपुरा आहे हे आपण पाहिले', बास. 34 पानांच्या चॅप्टरचं पुढे एवढंच काम.

अशा वेळी मी दोन प्रश्न विचारते. हा चॅप्टर उचलून फेकून दिला तर पुढचं कुठलं वाक्य लंगडं होतं? आणि हा आधीच्याच्या जागी आणि आधीचा याच्या जागी ठेवला तर काय बिघडतं? तुझ्याकडे 5 आणि 6ची अदलाबदल केली तर काहीच बिघडत नाही. आता हे दरवेळी वाईटच असतं असं नाही हां, तीन केस स्टडीज असलेल्या थीसिसमध्ये तीन चॅप्टर समांतर असतात आणि त्यांची अदलाबदल चालायलाच हवी, फक्त तिथे 'हे तिन्ही एकाच प्रश्नाचे तीन नमुने आहेत आणि हेच तीन का निवडले' हे आधी सांगून ठेवावं लागतं. तुझे 5 आणि 6 मात्र समांतर नाहीयेत. चॅप्टर 1मध्ये तू स्वतःच म्हटलंयस की आधी नर्सेसना विचारलं आणि मग त्यांचं म्हणणं फॉर्मशी ताडून पाहिलं. ते ताडून पाहणं चॅप्टर 6मध्ये होतच नाही, तो चॅप्टर जणू मुलाखती झाल्याच नाहीत असा लिहिलाय. (तो आधी लिहिला होतास ना? मला दाट शंका आहे. चॅप्टर लिहिल्याचा क्रम आणि वाचायचा क्रम वेगळा असला की असं होतंच.)

आणि मजा बघ, जोड तुझ्याकडे आहे, तुझ्याच हातात आहे, पण पान 203वर एका परिच्छेदाच्या पोटात पुरून ठेवलीयस. तिथे लिहिलंयस की 118पैकी 37 फॉर्ममध्ये 'इतर नोंदी' या रकान्यात नर्सने 'तोंडी सांगितले आहे' एवढंच लिहिलंय. मी ते वाचून सरळ बसले. म्हणजे फॉर्म स्वतःच बोलण्याकडे बोट दाखवतोय! ज्या नर्सला फॉर्मवर विश्वास नाही ती त्यात 'तोंडी सांगितले आहे' असं कशाला लिहील, ती तो रकाना कोरा सोडेल ना. मुलाखतीत दोन जणींनी 'फॉर्म आपला पुराव्याला असतो' असं म्हटल्याचं तुझ्या चॅप्टर 5च्या शेवटच्या पानावर आहेच. ही दोन टोकं एकत्र आणलीस की मुद्दा हलतो: अविश्वास नाही, वाटणी आहे. मी माझं काम केलं याची नोंद फॉर्ममध्ये, आणि पेशंटचं नेमकं काय चाललंय ते तोंडी. आता चॅप्टर 6ला काम मिळालं, 5शिवाय तो समजणार नाही आणि त्याच्याशिवाय 7 उभा राहणार नाही.

तर याची नवी सुरुवात मी अशी करून बघितली, तुझ्या भाषेत तू बदलून घे: 'मुलाखतींत बहुतेक नर्सेसनी फॉर्म निरुपयोगी ठरवला, पण दोघींनी तो पुराव्यासाठी लागतो असे सांगितले. निरुपयोगी गोष्ट पुरावा कशी होते, हे त्यांच्या बोलण्यातून उलगडत नाही. त्यासाठी त्यांनी फॉर्ममध्ये प्रत्यक्षात काय लिहिले ते पाहावे लागते.' यात 'मागील प्रकरणात' नाही, 'या प्रकरणात' नाही, 'पुढील' तर नाहीच, तरी वाचणाऱ्याला आपण कुठून आलो आणि इथे का थांबलो हे कळतं. पाटी काम करते का हे ओळखायची माझी खूण हीच, ती पाटी उचलून दुसऱ्या कोणाच्या थीसिसमध्ये लावता आली तर ती फुकट. तुझी जुनी तीन वाक्यं 'मुलाखती' आणि 'फॉर्म' हे शब्द बदलले की कुठल्याही थीसिसमध्ये खपतील.

आता धाग्यांकडे येते, कारण खरा घोळ तिथे आहे. तुझा मुख्य धागा विश्वास. चॅप्टर 1 मध्ये तो 'विश्वास' आहे. चॅप्टर 4 मध्ये, पेपर म्हणून आधी छापलेला ना, तिथे तो 'स्वीकार' झालाय, बहुतेक जर्नलला तो शब्द हवा असेल. तू पाठवलेल्या चॅप्टर 5च्या पानांत 'भरवसा' आहे. 6 मध्ये 'वापर'. आणि 7 मध्ये चारही, एकाच परिच्छेदात, जणू काही एकच. शाळेत आपल्याला शिकवतात की तोच तोच शब्द परत वापरू नये, निबंधात ते ठीक आहे, पण थीसिसमध्ये मुख्य संकल्पनेला समानार्थी शब्द देणं म्हणजे वाचणाऱ्याला नवीन पात्र आलं असं वाटायला लावणं. वर हे चार शब्द समानार्थी पण नाहीत! फॉर्म न वापरता त्यावर विश्वास असू शकतो, विश्वास नसताना सक्तीने वापर होऊ शकतो.

हे शोधायला आख्खी फाईल एकत्र कर, आठही चॅप्टर एकाच डॉक्युमेंटमध्ये, आणि वर्डमध्ये Ctrl+F मारून शब्द टाक. नुसता आकडा बघू नकोस, नॅव्हिगेशन पेनमध्ये हेडिंगच्या टॅबवर जा, ज्या ज्या हेडिंगखाली तो शब्द आलाय ती रंगलेली दिसतात (अर्थात हेडिंगला हेडिंगची स्टाईल दिलेली असेल तरच, नुसतं बोल्ड करून ठेवलं असेल तर काही दिसणार नाही). एका नजरेत कळतं की धागा कुठल्या चॅप्टरमधून गायब झालाय. मराठीत एक काळजी घ्यावी लागते, 'विश्वास' टाकलं तर विश्वासाने, विश्वासार्ह सगळं सापडतं, पण 'भरवसा' टाकलं तर 'भरवशावर' निसटतं, म्हणून 'भरव' एवढंच टाकायचं. वहीत चार शब्दांचे चार कागद कर आणि प्रत्येक ठिकाणी विचार, इथे मला नक्की कुठली गोष्ट म्हणायचीय? जिथे विश्वासच म्हणायचाय तिथे विश्वास लिही, जिथे वापर म्हणायचाय तिथे वापर, आणि चॅप्टर 1 मध्ये दोन्हींतला फरक चार ओळींत सांगून टाक. चॅप्टर 4 छापून आला म्हणून त्याला हात लावता येत नाही असं अनेकांना वाटतं. साधारणपणे तसं नसतं, थीसिसमध्ये शब्द जुळवून घेता येतात आणि तळटीपेत सांगता येतं की छापील पेपरमध्ये 'स्वीकार' असा शब्द होता, फक्त तुमच्या विद्यापीठाचा नियम आणि जर्नलशी झालेला करार एकदा बघून घे.

शब्द एक झाला की धागा एक होतो असं मात्र नाही. शब्द नुसता परत परत येत राहतो आणि मुद्दा जागचा हलत नाही असंही होतं, तो नुसता प्रतिध्वनी. म्हणून एक तक्ता कर, आडवे आठ चॅप्टर आणि उभे तुझे धागे, तीनच्या वर नकोत, तुझ्याकडे मला विश्वास, जबाबदारी आणि वेळ हे तीनच दिसले. चौकोनात टिक करायची नाही, त्या चॅप्टरमध्ये त्या धाग्याचं काय होतं ते एका क्रियापदात लिहायचं. मांडला, तपासला, अडखळला, उलटला, निकाली लागला, असं. तुझा विश्वासाचा धागा मी लिहिला तर आला: मांडला, मांडला, (मेथडमध्ये नाही, चालेल), मांडला, मांडला, नाही, मांडला. आठवा मी पूर्ण पाहिला नाही पण अंदाज आहे. पान 203ची गोष्ट वर आणल्यावर तो होईल: मांडला, इतरांनी कसा बघितला, नाही, फॉर्म न उघडणं दिसलं, कारणं ऐकली पण एक विसंगती राहिली, विसंगती उलगडली, मूळ म्हणणं बदललं. याला म्हणतात धागा पुढे सरकणं.

तपासायची एक सोपी युक्ती सांगते. चॅप्टर 7 मधलं तुझं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य उचल आणि चॅप्टर 1च्या शेवटी नेऊन ठेव. तिथे ते गुपचूप बसलं, कोणाला काही खटकलं नाही, तर मधल्या पाच चॅप्टरनी काही केलेलं नाही. तुझं आत्ताचं वाक्य आहे 'नर्सेसचा लेखी फॉर्मपेक्षा तोंडी संवादावर अधिक विश्वास असल्याचे दिसते', ते चॅप्टर 1 मध्ये जवळजवळ शब्दशः आहेच! पान 11. जा, बघून ये.

धागा प्रत्येक चॅप्टरमध्ये असायलाच हवा असंही काही नाही. जबाबदारीचा धागा 2 मध्ये येतो आणि थेट 6 मध्ये उगवतो, ते चालेल, पण इतक्या पानांनी तो परत येतो तेव्हा वाचणारा विसरलेला असतो, तिथे दीड ओळीची आठवण हवी, आणि ती पण 'प्रकरण 2 मध्ये पाहिल्याप्रमाणे' अशी नको, काय पाहिलं तेच सांग. मागे जाऊन कोणी बघत नाही गं.

आता सगळ्यात धोकादायक पाटी. पुढे बोट दाखवणाऱ्या पाट्यांची सगळ्यांना धास्ती असते, दिलेला शब्द राहून जाईल म्हणून, आणि ती बरोबरच आहे. माझ्या स्वतःच्या व्हायवात परीक्षक म्हणाले होते, 'पान 61वर तुम्ही लिहिलंय की याचं उत्तर पुढे येईल, मी शेवटच्या पानापर्यंत वाट पाहिली.' सगळे हसले, मी पण हसले, आतून काय वाटलं ते मलाच माहीत. तर 'पुढे', 'नंतर', 'प्रकरण' हे शब्द शोधून प्रत्येक आश्वासनाची यादी कर, कुठल्या पानावर दिलं आणि कुठल्या पानावर पाळलं. हे एका दुपारचं काम आहे, त्यात फार डोकं लागत नाही.

पण मागे बोट दाखवणारी पाटी जास्त खोटं बोलते, आणि ती कोणी तपासत नाही. तुझ्या चॅप्टर 7 मध्ये, पान 231: 'प्रकरण 4 मध्ये सिद्ध केल्याप्रमाणे, नर्सेसचा फॉर्मवर विश्वास नाही.' मी चॅप्टर 4 उघडला. तिथे तू 60 हँडओव्हर बघितलेस आणि त्यातल्या 41 मध्ये फॉर्म उघडलाच गेला नाही, असं आहे. उत्तम निरीक्षण आहे. पण फॉर्म न उघडणं म्हणजे विश्वास नसणं का? घाई असेल, फॉर्म आधीच वाचला असेल, समोरचीला पेशंट माहीत असेल. चॅप्टर 4 मध्ये तू स्वतः हे जपून लिहिलंयस, 'याची कारणे निरीक्षणातून सांगता येत नाहीत' असं सरळ म्हटलंयस, शाबास. मग तीन चॅप्टर पुढे गेल्यावर तेच 'सिद्ध केल्याप्रमाणे' कसं झालं? चॅप्टर बदलताना निष्कर्षाचं वजन गुपचूप वाढलं. 'दिसले' होतं, मग 'सूचित होते' झालं असेल, मग 'आढळले', मग 'सिद्ध'. दर वेळी एक पायरी, म्हणून लिहिणाऱ्याला कळत नाही, पण परीक्षक 4 आणि 7 शेजारी ठेवून वाचतो तेव्हा पहिलं हेच दिसतं.

त्यामुळे 'म्हटल्याप्रमाणे', 'पाहिल्याप्रमाणे', 'दाखवल्याप्रमाणे', 'सिद्ध' एवढं शोध ('प्रमाणे' टाकलंस तरी पहिले तीन सापडतील, बरोबर थोडा कचरा पण येईल) आणि प्रत्येक ठिकाणी त्या मागच्या पानावर खरोखर जाऊन तिथलं क्रियापद लिहून घे. इथलं क्रियापद तिथल्यापेक्षा जड असेल तर हलकं कर. जिथे हलकं केल्यावर चॅप्टर 7चा मुद्दाच कोसळतो तिथे थांब, ती पाटीची चूक नाहीये, तिथे पुराव्याचा एक दुवा कमी आहे आणि तो मुलाखतीतून आणावा लागेल. तुझ्या बाबतीत आणता येईल, चॅप्टर 5 मध्ये 22 मुलाखती आहेत आणि फॉर्म का उघडत नाही याची कारणं त्यातच आहेत.

किती पाट्या ठेवायच्या हा प्रश्न तू विचारला नाहीस पण विचारणारच आहेस. आकडा नाही सांगत. एक प्रयोग कर, फाईलची कॉपी घे, त्यातून सगळ्या पाट्या उडव, सरसकट, आणि मग फक्त हेडिंग आणि प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य एवढंच ठेवून ते आठ-दहा दिवसांनी वाच, किंवा तुझा विषय नसलेल्या कोणाला तरी वाचायला दे. जिथे वाचणारा अडखळेल तिथे आधी बघ की परिच्छेदच चुकीच्या जागी आहे का, तो हलवून काम होतंय का, आणि नाहीच झालं तर पाटी परत लाव. बहुतेक करून वळणांवर लागतात, म्हणजे एका प्रकारच्या पुराव्याकडून दुसऱ्याकडे जाताना, किंवा स्वतःच्या म्हणण्याला मुरड घालताना. सरळ रस्त्यावर लागत नाहीत. आणि चॅप्टरच्या शेवटी सारांश आणि पुढच्याच्या सुरुवातीला परत तोच सारांश हे तू सातही ठिकाणी केलंयस, त्यातला एक काढ. मी शेवटचा काढते, कारण वाचणारा बहुतेक वेळा चॅप्टर संपवून उठतो आणि दोन दिवसांनी पुढचा उघडतो, आठवण त्याला तेव्हा लागते.

परीक्षकांचं वाचणं कसं असतं याचा एक अभ्यास आहे, मलिन्स आणि कायली यांचा, 2002चा, ऑस्ट्रेलियातल्या 30 अनुभवी परीक्षकांच्या मुलाखती घेतल्या होत्या. त्यात बरेच जण सांगतात की ते आधी सारांश, प्रस्तावना आणि शेवटचा चॅप्टर वाचतात आणि मग आत शिरतात. म्हणजे तुझा चॅप्टर 1 आणि 8 एकमेकांच्या शेजारी वाचले जाणार, मधली 200-250 पानं न वाचता. तू पण तेच कर, दोन्ही प्रिंट काढून बाजूबाजूला ठेव आणि 1 मधल्या प्रत्येक प्रश्नापासून 8 मधल्या उत्तरापर्यंत पेनाने रेघ ओढ. प्रश्न आहे पण रेघ नाही, हे लगेच दिसतं. त्याहून वाईट म्हणजे उत्तर आहे पण प्रश्नच नाही, आणि ते जास्त वेळा होतं, कारण प्रस्तावना पहिल्या वर्षी लिहिलेली असते आणि संशोधनात जे सापडलं ते तेव्हा माहीतच नसतं. तुझ्याकडे 'वाटणी' हा मुद्दा आता येणार, तो चॅप्टर 1 मध्ये प्रश्नाच्या रूपात पेरावा लागेल. उत्तर आधीच फोडायचं नाही, फक्त 'विश्वास हे एकमेव स्पष्टीकरण आहे का' एवढी फट ठेवायची.

सात आठवड्यांत क्रम असा ठेव. पहिले दोन आठवडे फक्त चॅप्टर 6, कारण तिथलं काम बदललं की 7 आणि 1 आपोआप बदलावे लागतात, आणि ते आधी दुरुस्त केलेस तर परत करावे लागतील. मग 7, मग 1 आणि 8 एकत्र. शब्द एकसारखे करणं त्यानंतर. पाट्या अगदी शेवटी, आत्ता त्यांना हातसुद्धा लावू नकोस, कारण परिच्छेद हलले की सगळ्या खोट्या पडणार आहेत. आणि चॅप्टर-पान नंबर हाताने टाईप केले असशील तर ते सगळे काढून क्रॉस रेफरन्सने घाल, मग शेवटी Ctrl+A आणि F9 केलं की ते नवीन नंबर घेतात, आणि कुठे काही उडालं असेल तर तिथे "Error! Reference source not found." असं दिसतं. प्रिंटला देण्याआधी फाईलमध्ये Error शब्द एकदा शोध, ते वाक्य तसंच छापून बाईंड झालेला थीसिस मी बघितलाय.

एक मात्र तुझं तुला करता येणार नाही. 5ची शेवटची दोन पानं कोणाला तरी बाहेरच्याला वाचायला दे, मग कागद बाजूला ठेवून विचार, 'आता पुढे काय येईल असं वाटतं?' त्याचं उत्तर आणि 6ची पहिली दोन पानं जुळली तर झालं. जुळली नाहीत तर त्याला समजावत बसू नकोस, काय म्हणाला ते लिहून घे. असं सात ठिकाणी करायचं, पण माणूस दर वेळी नवीन लागतो कारण एकदा ऐकलेला माणूस पण मग पायऱ्या भरायला लागतो, तेव्हा सात माणसं मिळत नसतील तर 4-5, 5-6 आणि 6-7 एवढे तीन तरी कर.

चॅप्टर 6ची नवीन पहिली दोन पानं झाली की 5च्या शेवटच्या दोन पानांसोबत पाठव. वर कुठलीही प्रस्तावना, समजावणं काही लिहू नकोस, नुसती चार पानं.